१२० किलोमीटर, अटी लागू

इलेक्ट्रिक स्कूटरच्या लाँचची जाहिरात लिहायला बसलं की पहिला वाद मथळ्यावर होत नाही, आकड्यावर होतो. मथळे तासाभरात चाळीस सुचतात आणि त्यातले अडतीस चहा गार व्हायच्या आत बाद होतात. आकडा मात्र एकच असतो. तो कंपनीने ठळक करून पाठवलेला असतो आणि त्याला हात लावायची कुणाची हिंमत नसते. पुण्यातल्या ज्या एजन्सीत बसून मी हे सगळं पाहिलं, तिथे तो आकडा १२० होता. एका चार्जमध्ये १२० किलोमीटर.

कंपनीने नाव न छापायची अट घातली होती, ती मी पाळतो आहे. स्कूटर तशी चारचौघींसारखी होती. तीन किलोवॉट-तासांची बॅटरी, म्हणजे वीजबिलाच्या हिशेबात तीन युनिट मावतील एवढी. किंमत लाखाच्या थोडी वर. गिऱ्हाईक ठरलेलं होतं: गर्दीच्या शहरात राहणारा, रोज ऑफिसला जाणारा, पेट्रोलच्या स्कूटरवर आठ-दहा वर्षं काढलेला माणूस. गणपतीत लाँच करायचं आणि दसऱ्याच्या मुहूर्तावर गाड्या घरी पोचवायच्या, असा बेत होता. दसऱ्याला गाडीला हार घालायचा म्हणजे तो निर्णय घरात आधी दोन-तीन आठवडे शिजतो. म्हणून कॉपी गणपतीच्या आधी पक्की व्हायला हवी होती.

कॉपी विभागाच्या प्रमुख बाईंनी पहिल्याच बैठकीत विचारलं, “हे १२० कुठून आलं?” मार्केटिंगचा मुलगा म्हणाला, “सर्टिफाइड आहे, मॅडम.” यावर सहसा विषय संपतो. इथे संपला नाही, कारण बैठकीला कंपनीचा एक इंजिनिअरही आला होता आणि त्याला खोटं बोलायचा सराव नव्हता.

आकडा खोटा नसतो, हे आधी सांगायला हवं. आपल्याकडे दुचाकीची रेंज ठरते ती इंडियन ड्रायव्हिंग सायकल नावाच्या ठरावीक चालीवर. गाडी रस्त्यावर नेत नाहीत. प्रयोगशाळेत मागचं चाक रोलरवर ठेवतात, आणि रस्त्याचा व वाऱ्याचा विरोध किती धरायचा ते रोलरला आधी शिकवलेलं असतं. मग गाडी १०८ सेकंदांचा एक धडा गिरवते: थोडा वेग घ्यायचा, सोडायचा, थांबायचं, पुन्हा निघायचं. या धड्यात वेग ४२ किलोमीटरच्या वर जातच नाही आणि सरासरी ताशी २२च्या आसपास राहते. बॅटरी हात टेकेपर्यंत हाच धडा पुन्हा पुन्हा. तोवर रोलरवर जेवढे किलोमीटर झाले, ती प्रमाणित रेंज. पुण्यात कोथरूडच्या टेकडीवर एआरएआय आहे, तिथलं प्रमाणपत्र या धंद्यात शिक्क्यासारखं चालतं.

तेव्हा १२० खरे आहेत. ते रोलरवरचे आहेत, एवढंच.

रस्त्यावर काय होतं हे या उद्योगाने स्वतःच छापून ठेवलेलं आहे. २०२२ साली आलेल्या एथर ४५०एक्सची प्रमाणित रेंज १४६ किलोमीटर होती, आणि त्याच कंपनीने ‘ट्रू रेंज’ म्हणून शेजारी दिलेला आकडा होता १०५. त्याआधी २०२१च्या १५ ऑगस्टला गाजावाजात आलेल्या ओला एस१ प्रोचा आकडा १८१ होता. गाड्या लोकांच्या हातात पडायला लागल्या तेव्हा खरी रेंज म्हणून सांगितली गेली ती १३५. दोन्ही ठिकाणी भागाकार करून पाहा. प्रमाणित आकड्याचा साधारण पाऊण हिस्सा, कधी त्याहून थोडा कमी. बजाजने २०२०च्या जानेवारीत विजेची चेतक पुणे आणि बंगळूरमध्ये आणली तेव्हा जाहिरातीत ९५ आणि ८५ असे दोन आकडे होते, एक इको मोडचा आणि एक स्पोर्टचा. लोकांनी तेव्हा नाकं मुरडली, एवढी कमी रेंज कुठे असते का म्हणून. आज मागे वळून पाहिलं तर तीन युनिटांच्या बॅटरीला तो आकडा बराच समंजस वाटतो.

आमच्या इंजिनिअरने स्वतःच्या चाचणीचा कागद बाहेर काढला. रस्ता त्याने मुद्दाम ऑफिसवाल्यांचा निवडला होता: नऱ्ह्याहून निघून नवले पूल, वारजे, चांदणी चौक, पुढे बायपासने वाकड आणि तिथून हिंजवडी फेज तीन. जाणं साधारण पंचवीस किलोमीटर, येऊन-जाऊन पन्नास. सरासरीने एका किलोमीटरला ३२ वॉट-तास वीज लागत होती. तीन हजारांतले सगळे वापरता येत नाहीत. बॅटरीच्या तब्येतीसाठी वरचा-खालचा थोडा भाग राखून ठेवतात, आणि चार्ज अगदी तळाला गेला की गाडी वेग तोडते. हाताशी राहतात २,७०० च्या आसपास. २,७०० भागिले ३२, म्हणजे चौऱ्याऐंशी-पंचाऐंशी किलोमीटर.

पण कागदावरची मजेची गोष्ट ती नव्हती. बाईंनी विचारलं, “वीज सगळ्यात जास्त कुठे गेली?” सगळ्यांना वाटलं, वाकड ते हिंजवडीच्या कोंडीत. तिथेच तर जीव जातो. प्रत्यक्षात उलटं होतं. कोंडीत किलोमीटरला २८ वॉट-तास पुरत होते, आणि बायपासला मोकळ्या पट्ट्यात साठ-पासष्टने गाडी पळवली की आकडा ३८च्या वर जात होता.

कारण साधं आहे, पण पेट्रोलच्या गाडीवर आयुष्य गेलेल्या माणसाच्या डोक्यात ते उलटं बसलेलं असतं. पेट्रोलचं इंजिन सिग्नलला उभं राहूनही पेट्रोल पितं, म्हणून गर्दीत ॲव्हरेज मरतं. विजेची मोटर थांबली की थांबली. दिवे आणि डिस्प्लेपुरती चिमूटभर वीज सोडली तर काही जात नाही. शिवाय ॲक्सिलरेटर सोडला की मोटर उलटी जनित्रासारखी चालते आणि थोडी वीज परत बॅटरीत टाकते. याउलट वेग वाढला की वारा आडवा येतो. चाळीसवरून साठवर गेलं की वेग दीडपट होतो, पण वाऱ्याचा विरोध सव्वादोनपट. चढाची लोकांना जेवढी धास्ती असते तेवढं चढाचं काही नाही. गाडी आणि माणूस मिळून १९० किलो धरले आणि साठ मीटर उंची चढवली, तर मोटरचं नुकसान धरून चाळीसेक वॉट-तास खर्च होतात. म्हणजे रेंजमधून एक-सव्वा किलोमीटर गेला, आणि उतरताना त्यातलं थोडं परत मिळतं. मागे माणूस बसला, टायरमध्ये हवा कमी असली, तर त्याचा फटका याहून मोठा आणि रोजचा.

इथे कॉपीला खरा धागा सापडला, असं मला वाटतं. गर्दीच्या शहरासाठी केलेल्या स्कूटरची जाहिरात आजवर गर्दी टाळून लिहिली जाते. चित्रात मोकळा सी-लिंकसारखा रस्ता, पहाटेचं ऊन, केस उडताहेत. ज्या माणसाला गाडी विकायची तो मात्र सकाळी सव्वानऊला वाकडच्या चौकात एका पीएमपीच्या सायलेन्सरमागे उभा असतो आणि खालून इंजिनची धग पोटऱ्यांना लागत असते. विजेच्या गाडीचा सगळ्यात मोठा गुण त्या चौकातच दिसतो: ती तिथे काही जाळत नाही, तापत नाही, थरथरत नाही. मोकळ्या रस्त्यावर ती पेट्रोलच्या गाडीपेक्षा फार काही थोर नाही, उलट तिथेच तिची रेंज झरते. बाईंनी त्या दुपारी मथळा लिहिला: “कोंडीत आपण थांबतो. खर्चही थांबतो.” मला तो अजूनही त्या मोहिमेतला सगळ्यात चांगला वाटतो. कंपनीला कोंडी हा शब्द ‘निगेटिव्ह’ वाटला; त्यावर दोन आठवडे गेले, ते सोडून देतो.

आता १२० चं काय करायचं? मार्केटिंगचं म्हणणं चुकीचं नव्हतं. शेजारची कंपनी १४० छापते आहे, आपण ८५ छापलं तर गिऱ्हाईक शोरूमची पायरीही चढणार नाही. सगळेच रोलरचा आकडा छापतात, तेव्हा तुलनाही रोलरच्याच आकड्यांची होणार. म्हणून जुना तोडगा असा की मोठ्या अक्षरात १२०, त्याच्या डोक्यावर एक तारा आणि पानाच्या तळाला मुंगीच्या पायाएवढ्या अक्षरात, तेही इंग्रजीत, ‘प्रमाणित परिस्थितीत, प्रत्यक्ष रेंज वेगळी असू शकते’.

हा तोडगा आता कायद्यानेही अवघड केला आहे. केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने जून २०२२ मध्ये दिशाभूल करणाऱ्या जाहिरातींबद्दल नियम काढले. त्यांत तळटिपेचं कलम आहे: दावा ज्या भाषेत, तळटीपही त्याच भाषेत, टाइपही तोच, आणि ती सहज दिसेल अशा जागी. शिवाय तळटिपेने दाव्याचा खुलासा करायचा, दावा फिरवायचा नाही. वर एक म्हणायचं आणि खाली त्याच्या उलट, हे चालत नाही. दंड पहिल्या खेपेला दहा लाखांपर्यंत, पुन्हा केलं तर पन्नास लाखांपर्यंत. जाहिरातवाल्यांची स्वतःची मुंबईतली परिषद, ‘आस्की’, तीही तक्रारी घेते. पण खरं सांगायचं तर एजन्सीत दंडाची भीती मी फारशी पाहिली नाही. भीती होती ती दसऱ्यानंतरच्या दिवाळीची. दसऱ्याला गाडी घेतलेला माणूस दिवाळीला भावा-मेहुण्यांना भेटतो आणि ‘किती पडते रे?’ हा प्रश्न तिथे येतोच. तो जर म्हणाला, ‘एकशे वीस म्हणाले होते, पंचाऐंशीला बसते,’ तर त्या घरातल्या पुढच्या दोन गाड्या गेल्या.

शेवटी छापलं गेलं ते असं. मोठा आकडा ८५, त्याखाली ओळ: “नऱ्हे ते हिंजवडी, जाऊन-येऊन, आणि वर पस्तीस शिल्लक.” त्याच आकाराच्या जवळपास अक्षरात शेजारी: “प्रमाणित रेंज १२० कि.मी.” तारा नाही. मुंबईच्या आवृत्तीत रस्ता बदलला, घोडबंदरहून अंधेरीपर्यंतचा घेतला. ‘पस्तीस शिल्लक’ हे शब्द बाईंनी इंजिनिअरकडून घेतले. रेंज म्हणजे माणसाला किती लांब जाता येतं हे नसतंच, तो म्हणाला. संध्याकाळी घरी पोचताना भीती वाटते की नाही, एवढंच असतं. रोज पन्नास चालवणाऱ्याला १२० नको असतात. त्याला वाटेत भाजी, मुलीचा क्लास आणि उद्या सकाळी चार्जिंग विसरलं तर निदान ऑफिसपर्यंत जाण्याइतकी सोय हवी असते. यातलं शेवटचं पस्तिसात बसतं, जाण्यापुरतं. यायचं नाही बसत. तेही माहितीपत्रकात लिहिलं.

दुसरा आकडा पैशांचा. आलेल्या मजकुरात होतं: “२५ पैशांत एक किलोमीटर!” हिशेब सरळ होता. तीन युनिट, दहा रुपयांनी तीस रुपये, भागिले १२०. यात तिन्ही जागी हात सैल सोडलेला होता. रेंज रोलरची होती. भिंतीतून बॅटरीत वीज जाताना चार्जर तापतो, थोडी वीज उष्णतेत जाते. तीन नव्हे, सव्वातीनच्या जवळपास युनिट मीटरवर पडतात. आणि दहाचा दर हा तर सगळ्यात फसवा. महावितरणचं घरगुती बिल टप्प्यांनी चढतं: शंभरपर्यंत एक दर, तीनशेपर्यंत दुसरा, पुढे पाचशेपर्यंत तिसरा. स्कूटरची युनिटं बिलात तळाला जाऊन बसत नाहीत, सगळ्यात वर जाऊन बसतात. फ्रिज, गीझर, टीव्ही मिळून ज्या घरात आधीच तीनशे युनिट होतात, तिथे स्कूटरचं पहिलं युनिटही चढ्या दरानेच पडतं. बाईंनी दर चौदा रुपये धरला, ३.२ युनिट धरली, भागिले ८५. उत्तर आलं बावन्न-त्रेपन्न पैसे. जाहिरातीतल्या आकड्याच्या दुप्पट.

आणि तरीही काही बिघडलं नाही. पंचेचाळीसचं ॲव्हरेज देणारी स्कूटर आणि १०४ रुपये लिटरचं पेट्रोल धरलं तर किलोमीटरला दोन रुपये तीस पैसे पडतात. महिन्याला चोवीस दिवस, पन्नास किलोमीटर, म्हणजे बाराशे किलोमीटर. पेट्रोल पावणेतीन हजारांचं. विजेची पंचेचाळीस युनिटं, सव्वासहाशे रुपयांची. दरमहा दोन हजारांहून जास्त उरतात, तेही सगळे आकडे कंपनीच्या विरोधात धरून. मला हे पाहून आश्चर्य वाटतं: ज्या मालाचा खरा हिशेबच एवढा बोलका आहे, त्याला २५ पैशांची फोडणी कशाला द्यावी? छापलं गेलं ते “पन्नास पैशांच्या आसपास”, आणि हिशेब खाली मांडून दाखवला. ‘शून्य प्रदूषण’ मात्र सरळ काढलं, कारण चंद्रपूर-कोराडीचा कोळसा जळतोच आहे. ‘धूर नाही’ एवढंच ठेवलं.

किमतीची ओळ सगळ्यात शेवटी भरतात, कारण ती दिल्लीत ठरते. जून २०२१ मध्ये केंद्राने फेम-दोन योजनेतलं अनुदान किलोवॉट-तासाला दहा हजारांवरून पंधरा हजार केलं, तेव्हा अशा तीन युनिटांच्या गाडीला पंचेचाळीस हजारांपर्यंत मिळत होते. १ जून २०२३ पासून ते पुन्हा दहा हजारांवर आणि गाडीच्या कारखाना-किमतीच्या पंधरा टक्क्यांच्या मर्यादेत आलं. पुढे पीएम ई-ड्राइव्हमध्ये २०२५-२६ साली ते अडीच हजारांच्या दराने होतं. म्हणजे एकाच गाडीची किंमत, गाडीत काही न बदलता, हजारोंनी हलते. फेमच्या काळात दीड लाखांहून महाग कारखाना-किमतीच्या गाडीला अनुदान नव्हतं, म्हणून काही मोठ्या कंपन्यांनी चार्जर आणि सॉफ्टवेअर वेगळं विकून किंमत आत बसवली. सरकारने ते पकडलं आणि २०२३ मध्ये ग्राहकांना चार्जरचे पैसे परत करायची वेळ आली. तेव्हापासून खरेदीदार एक प्रश्न हमखास विचारतो: “चार्जर धरून ना?” आमच्या जाहिरातीत किमतीच्या ओळीत तेच शब्द घातले, ‘चार्जर धरून’. एवढे दोन शब्द, पण शोरूमच्या मुलीने सांगितलं की रोजच्या दहा-पंधरा मिनिटांची डोकेफोड वाचली.

आणि मग प्लग. मूळ मजकुरात “घरच्या साध्या प्लगवर चार्ज करा” अशी ओळ होती. घर चौथ्या मजल्यावर आणि गाडी पार्किंगमध्ये, ही शहराची परिस्थिती ती ओळ लिहिणाऱ्याच्या गावीही नव्हती. काही गाड्यांची बॅटरी काढून वर नेता येते, पण तीही दहा-अकरा किलोची. लिफ्ट नसेल तर रोज रात्री एक भरलेली बादली चढवण्यासारखं. आमच्या गाडीची बॅटरी पक्की होती. तेव्हा पार्किंगमध्ये प्लग पाहिजे, प्लगला वायर पाहिजे, वायरला परवानगी पाहिजे, आणि परवानगी सोसायटीच्या हातात.

शोरूममध्ये मी दोन शनिवार बसलो. चाचणीची चक्कर मारून खूश होऊन आलेले लोक गाडी नाकारत होते ते याच पायरीवर. सेक्रेटरी म्हणतो आग लागेल. कमिटी म्हणते कॉमन मीटरवर कुणाचं बिल. कुणी म्हणतं आधी एजीएममध्ये घ्या, ती सप्टेंबरात. जुन्या इमारतींत आणखी एक भानगड निघते: अर्थिंग. पार्किंगच्या प्लगला अर्थिंग धड नसेल तर चार्जर लाल दिवा दाखवून गप्प बसतो. तो बिघडलेला नसतो, तसं करायलाच बनवलेला असतो. पण नवी गाडी घरी आल्याच्या पहिल्या रात्री हे घडलं की फोन येतो, “गाडी डिफेक्टिव्ह आहे.”

यावर बाईंनी जे केलं ते मला कॉपीच्या धंद्यातलं खरं कसब वाटतं. माहितीपत्रकाच्या शेवटच्या पानावर, जिथे एरवी रंगांची नावं आणि ॲक्सेसरीज असतात, तिथे त्यांनी एक अर्ज छापला. “मा. अध्यक्ष/सचिव, … सहकारी गृहनिर्माण संस्था” इथून सुरू होणारा, रिकाम्या जागा भरायच्या. त्यात लिहिलं की वायर माझ्याच मीटरवरून पार्किंगपर्यंत येईल, त्यामुळे संस्थेच्या बिलाचा प्रश्न नाही. काम परवानाधारक वायरमन करेल. प्लगला स्वतंत्र एमसीबी आणि तपासलेलं अर्थिंग असेल. आणि चार्जर सुमारे ७५० वॉट घेतो, म्हणजे घरातल्या इस्त्रीहून कमी, पाचेक तास. शेवटची ओळ इंजिनिअरने घालायला लावली: “आवश्यक वाटल्यास संस्थेने आपल्या वायरमनकडून तपासणी करून घ्यावी.”

मार्केटिंगने विचारलं, जाहिरातीच्या साहित्यात अर्ज कोण वाचणार? लाँचच्या दुसऱ्या आठवड्यात डिलरकडची माहितीपत्रकं संपली. नवी येईपर्यंत त्याने फक्त मागच्या पानाच्या झेरॉक्स काढून काउंटरवर ठेवल्या, आणि त्या न्यायला दुसऱ्या कंपनीची गाडी घेतलेले लोकही येऊ लागले.